गेलेल्या माणसाचं मेल आणि फेसबुक खातं : आधी काय करायचं, शेवटी काय

घरातलं माणूस गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या ऑनलाइन खात्यांबाबत दोन गोष्टी मुद्दाम टाळा. त्याचा मोबाइल नंबर बंद करू नका आणि त्याच्या निधनाची खबर फेसबुकला देऊ नका. ही दोन्ही कामं पुढे करायची आहेतच, पण ती सगळ्यात शेवटी. आधी केली तर काही दारं अशी बंद होतात की ती पुन्हा उघडायला कोर्टापर्यंत जावं लागतं.

माझे मामा गेले तेव्हा आमच्याकडे नेमकं उलटं झालं. त्यांचा फोन वाजला की मामी दचकायच्या. ते बघवेना म्हणून मामेभावाने दुसऱ्याच आठवड्यात तो नंबर बंद करून टाकला. महिन्याभराने मामी जरा सावरल्या आणि म्हणाल्या, "त्यांचे फोटो तेवढे काढून दे, आणि त्यांची ती बुद्धिबळाची पत्रं." मामा कितीतरी वर्षं मेलवरून बुद्धिबळ खेळत. एक चाल पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची. ती सगळी पत्रं मेलमध्ये होती.

मेल खातं लॅपटॉपवर उघडंच होतं, म्हणून आम्हाला वाटलं की काम सोपं आहे. पण सगळा साठा एकदम उतरवायला गेलो तर पडद्यावर पुन्हा पासवर्ड मागितला गेला. तो कुणालाच ठाऊक नव्हता. ‘पासवर्ड विसरलो’ वर गेलो तर पडताळणीचा कोड त्याच बंद केलेल्या नंबरवर निघाला होता.

नंबर, फोन आणि लॅपटॉप

आज बहुतेक खात्यांचा मूळ पुरावा मोबाइल नंबर असतो. बंद केलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याच ग्राहकाला देते. म्हणजे ओटीपी तुम्हाला मिळत नाहीत एवढ्यावर हे थांबत नाही, ते एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतात. म्हणून नंबर स्वस्तातल्या प्लॅनवर टाका आणि किमान सहा महिने चालू ठेवा. तो वारसाच्या नावावर करून घेता येत असेल तर तसं करा. फोन वाजण्याचा त्रास होत असेल तर आवाज बंद करून फोन कपाटात ठेवा, पण सिम चालू राहू द्या.

फोन पुसून टाकू नका, ‘नवा करून’ कुणाला वापरायला देऊ नका. कोड देणारं अॅप, जतन केलेले पासवर्ड आणि कधी कधी फोटोंची एकमेव प्रत त्यातच असते. लॅपटॉपवर खातं उघडं असेल तर लॉगआउट करू नका आणि ब्राउझरचा इतिहास साफ करू नका. अंदाजाने पासवर्ड टाकत बसणं हे सगळ्यात वाईट. चार-पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर यंत्रणेला वाटतं की कुणीतरी खातं चोरतंय, आणि उघडं असलेलं खातंही बंद होऊ शकतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दुसऱ्याच्या नावाने खात्यात शिरायला जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या अटी मनाई करतात, आणि काही देशांत तो कायद्याचाही प्रश्न होतो. मृत व्यक्तीने स्वतः पासवर्ड लिहून ठेवला असेल, तरी आधी वारसांना एकत्र बसवा, काय बघायचं आणि काय नाही ते ठरवा, आणि मालमत्तेवरून वाद असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. त्या खात्यातून कुणालाही काही पाठवू नका. गेलेल्या माणसाच्या नावाने आलेला मेल वाचणाऱ्याला किती हादरवतो हे मी पाहिलं आहे.

मेल खातं : आधी सामग्री, मग बंद करणं

मेलपासून सुरुवात करायचं कारण असं की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात आणि वर्गण्यांची, विम्याची, बिलांची पत्रंही तिथेच असतात. मेलला हात लागत नसेल तर वर्षभराची बँकेची विवरणपत्रं काढा. दर महिन्याला किंवा वर्षाला कापल्या जाणाऱ्या रकमांवरून कुठकुठली खाती होती ते बरंचसं कळतं.

गूगलपुरतं बोलायचं तर आधी एक गोष्ट तपासा : तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला गूगलकडून मृत व्यक्तीच्या नावाने मेल आला आहे का, किंवा येणार आहे का? 2013 पासून तिथे `Inactive Account Manager` नावाची सोय आहे. खातं 3, 6, 12 किंवा 18 महिने वापरलं गेलं नाही तर काय करायचं हे माणूस हयातीतच ठरवून ठेवू शकतो. तो जास्तीत जास्त 10 विश्वासू माणसं नेमू शकतो आणि प्रत्येकाला काय द्यायचं तेही वेगवेगळं ठरवू शकतो. अशी नेमणूक असेल तर ठरलेली मुदत संपल्यावर त्या माणसाला मेल जातो, त्याच्या फोनवर पडताळणी होते, आणि सामग्री उतरवून घ्यायला 3 महिने मिळतात. घरचेच लोक हा मेल फसवणुकीचा समजून पुसून टाकतात, म्हणून नातेवाइकांना याची कल्पना द्या. आणि नेमणूक असेल तर त्या खात्यात उगाच ये-जा करू नका. प्रत्येक वापराने मुदत नव्याने मोजली जाते आणि मेल पुढे ढकलला जातो.

अशी नेमणूक नसेल तर गूगलच्या मदतकेंद्रात मृत व्यक्तीच्या खात्याविषयी विनंती करण्याचा फॉर्म आहे. त्यात मुख्यतः तीन मागण्या करता येतात : खातं बंद करा, खात्यातले पैसे द्या, किंवा खात्यातली सामग्री द्या. नवखा माणूस इथेच चुकतो. त्याला सगळंच हवं असतं, आणि बंद करण्याचा पर्याय सोपा दिसतो म्हणून तो आधी निवडतो. खातं बंद झालं की मागे काही उरत नाही. सामग्रीची मागणी आधी करा, तिचा निकाल लागू द्या, मगच बंद करण्याची विनंती पाठवा.

फॉर्म भरताना मृत व्यक्तीचं पूर्ण नाव, मेल पत्ता, निधनाची तारीख, तुमचं नाव व पत्ता, तुमचं सरकारी ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला लागतो. दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. कच्चं, घरी केलेलं भाषांतर चालत नाही, आणि त्यापायी कित्येक आठवडे वाया जातात. खात्यावरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव वेगळं असेल, म्हणजे खात्यावर टोपणनाव किंवा लग्नाआधीचं नाव असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा कागद आधीच जोडून द्या.

पासवर्ड मात्र मिळत नाही. कितीही कागद दिले तरी गूगल लॉगिनचा तपशील कुणाला देत नाही. मिळालीच तर सामग्रीची प्रत मिळते, आणि तीही छाननीनंतर. पुढच्या टप्प्यावर कोर्टाचा आदेश मागितला जाऊ शकतो. हे अडवणुकीसाठी असतं असं नाही. अमेरिकेत 1986 चा एक कायदा आहे, Stored Communications Act. साठवलेल्या संदेशांमधला मजकूर परवानगीशिवाय कुणाला दाखवायला तो मनाई करतो, आणि मोठ्या मेल कंपन्या तिथल्याच आहेत. मेल कुणाकडून आला आणि कधी आला ही यादी एक गोष्ट, आणि आतला मजकूर दुसरी. मजकुरासाठी मृत व्यक्तीची आधी दिलेली संमती किंवा कोर्टाचा कागद लागतो. म्हणून मृत्युपत्रात ‘माझ्या मेलमधला मजकूर अमक्याला वाचू द्यावा’ असं एक वाक्य असेल तर ते शोधा. त्या वाक्याला खरंच वजन असतं.

दुसरी मुदत ध्यानात ठेवायची ती न वापरलेल्या खात्याची. गूगलने 2023 च्या डिसेंबरपासून 2 वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टचं खातंही साधारण 2 वर्षं न वापरल्यास बंद होऊ शकतं. ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू’ असं म्हणताना ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मायक्रोसॉफ्टकडून मजकूर हवा असेल तर तिथेही कोर्टाचाच मार्ग आहे.

आयफोन असेल तर आधी विचारा की मृत व्यक्तीने `Legacy Contact`, म्हणजे आपल्या माघारी खात्यातली सामग्री बघू शकणारा माणूस, नेमला होता का. ही सोय iOS 15.2 पासून, म्हणजे 2021 च्या डिसेंबरपासून आहे आणि जास्तीत जास्त 5 माणसं नेमता येतात. नेमलेल्या माणसाकडे एक `access key` असते. ती कुणी छापून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवतं, कुणी फोनवर जतन करून विसरून जातं. ती किल्ली आणि मृत्यूचा दाखला घेऊन `digital-legacy.apple.com` वर विनंती करायची. मंजूर झाली की फोटो, मेल, नोंदी आणि बॅकअप 3 वर्षं बघता येतात, आणि त्यानंतर खातं कायमचं पुसलं जातं. जतन केलेले पासवर्ड आणि विकत घेतलेले सिनेमे-गाणी मात्र यात मिळत नाहीत. फोनचा पासकोड माहीत नसेल तर फोन पुसल्याशिवाय अॅपलही तो काढून देऊ शकत नाही, म्हणून घाईने फोन दुकानात नेऊन ‘अनलॉक’ करायला देऊ नका.

मामांच्या बाबतीत यातली कुठलीच नेमणूक नव्हती. मामी आणि दोन्ही मुलं एका दुपारी लॅपटॉपसमोर बसली. सगळा साठा एकदम मिळत नव्हता, पण खातं उघडं असल्यामुळे फोटो ब्राउझरमधूनच गटागटाने निवडून उतरवता आले, आणि फोनमधले फोटो केबल लावून काढले. बुद्धिबळाची पत्रं विषयावरून शोधली आणि एकेक करून पीडीएफ म्हणून जतन केली. सुमारे साडेतीनशे पत्रं होती, तीन संध्याकाळी गेल्या. बाकीच्या मेलकडे मामींनी बघू दिलं नाही. "ते त्यांचं आहे," एवढंच म्हणाल्या, आणि ते सगळ्यांनी मानलं. नंबर चालू असता तर हेच काम एका तासात झालं असतं.

फेसबुक : स्मृती-प्रोफाइल म्हणजे कुलूप

फेसबुकवर दोन रस्ते आहेत. प्रोफाइल आठवण म्हणून ठेवायचं किंवा कायमचं काढून टाकायचं. आठवण म्हणून ठेवलेल्या प्रोफाइलवर नावाजवळ `Remembering` असं दिसतं. ते वाढदिवसाच्या आठवणींत किंवा ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ मध्ये येत नाही. जुन्या पोस्ट आधी ज्यांना दिसत होत्या त्यांना दिसत राहतात, आणि सेटिंग तसं असेल तर मित्रांना तिथे लिहिताही येतं.

पण एकदा हा बदल झाला की त्या खात्यात कुणालाही, अगदी योग्य पासवर्ड हातात असला तरी, लॉगिन करता येत नाही. आणि ही विनंती फक्त जवळच्या नातेवाइकालाच करता येते असं नाही. निधनवार्तेचा दुवा किंवा तत्सम पुरावा जोडून एखादा जुना मित्रही ती पाठवू शकतो, चांगल्या भावनेने, घरच्यांना न विचारता.

जर्मनीत याच मुद्द्यावर मोठा खटला झाला. 2012 मध्ये एक 15 वर्षांची मुलगी रेल्वेखाली मरण पावली. तो अपघात होता की दुसरं काही, हे तिच्या संदेशांतून कळेल अशी आईवडिलांना आशा होती. आईकडे पासवर्ड होता. पण तोवर कुणीतरी कळवल्यामुळे खातं स्मृती-प्रोफाइल झालं होतं, आणि पासवर्ड असून आईला आत जाता आलं नाही. खालच्या कोर्टात जिंकून, वरच्या कोर्टात हरून, शेवटी 12 जुलै 2018 रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की पत्रं-डायऱ्यांसारखंच खातंही वारसांकडे जातं. त्यानंतरही कंपनीने एका पेनड्राइव्हवर 14,000 हून जास्त पानांची पीडीएफ दिली, आणि एवढं पुरेसं नाही, खातं आतून बघता आलं पाहिजे, हे 2020 मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. आठ वर्षं गेली. हा निकाल जर्मनीपुरता आहे, दुसरीकडे तसंच होईल असं धरून चालू नका.

म्हणून फेसबुकला कळवण्याआधी एवढी कामं उरका. पहिलं, मृत व्यक्ती एखादं पेज चालवत होती का ते बघा. पेजला तीच एकटी अॅडमिन असेल आणि प्रोफाइल स्मृतीत गेलं, तर ते पेज फेसबुकवरून निघून जाऊ शकतं. मामा बुद्धिबळाच्या कोड्यांचं एक पेज चालवत. सुदैवाने त्यांच्या एका खेळगड्यालाही अॅडमिन केलेलं होतं. आम्ही त्यांना आधी फोन करून खात्री करून घेतली, मगच पुढे गेलो. दुसरं, प्रोफाइलवरचे जे फोटो तुम्हाला स्वतःच्या खात्यातून दिसतात ते उतरवून घ्या. तिसरं, ज्या दुसऱ्या सेवा ‘फेसबुकने लॉगिन करा’ म्हणून उघडलेल्या असतील त्यांची आठवण करा, कारण कुलूप लागल्यावर त्यांचंही दार बंद होतं. चौथं, जवळच्या मित्रमंडळींना निरोप द्या की आम्ही बघतोय, तुम्ही कळवू नका.

मग पुढचा प्रश्न : `Legacy contact` नेमला होता का? 2015 पासून असलेल्या या सोयीत नेमलेला माणूस प्रोफाइलवर वर टाचून ठेवायची एक पोस्ट लिहू शकतो, प्रोफाइल व कव्हर फोटो बदलू शकतो, नव्या मैत्रीच्या विनंत्यांना उत्तर देऊ शकतो आणि प्रोफाइल काढून टाका असंही सांगू शकतो. परवानगी दिलेली असेल तर शेअर केलेल्या गोष्टींची प्रत उतरवू शकतो. खासगी संदेश मात्र तो वाचू शकत नाही आणि कुणाला मित्रयादीतून काढू शकत नाही. नेमणूक हयातीतच करावी लागते, नंतर घरच्यांना कुणाला नेमता येत नाही. नेमणूक नसेल तर प्रोफाइल ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत गोठतं. शेवटचा फोटो एखाद्या गमतीचा असेल तर तोच राहतो.

स्मृती-प्रोफाइलची विनंती करायला मदतकेंद्रात `Memorialization request` शोधा. प्रोफाइलचा दुवा, निधनाची तारीख आणि पुरावा एवढं लागतं. प्रोफाइल काढून टाकायचं असेल तर जास्त कागद लागतात, आणि ती विनंती जवळच्या नातेवाइकाने किंवा मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने करायची असते. मृत्यूचा दाखला असेल तर काम सोपं होतं. नसेल तर नातं सिद्ध करणारा कागद आणि निधनवार्ता असं दोन्ही मागतात. दाखला स्कॅन करून पाठवताना त्यावरचे गरज नसलेले आकडे झाका. एकदा काढून टाकलेलं प्रोफाइल परत येत नाही. माझं मत असं की पहिल्या वर्षात काढून टाकू नये. स्मृती-प्रोफाइल नंतर केव्हाही काढता येतं, उलटं करता येत नाही, आणि पहिल्या महिन्यातला निर्णय घरातल्या एकाचाच असतो.

इन्स्टाग्रामवरही हीच दोन दारं आहेत आणि `Remembering` हा शब्द तिथेही दिसतो. आत काही बदलता येत नाही. लिंक्डइनवर प्रोफाइल आठवण म्हणून ठेवता येतं किंवा बंद करता येतं. एक्सवर जवळच्या नातेवाइकाला खातं बंद करण्याची विनंती करता येते, पण आत जायला मिळत नाही. व्हॉट्सअॅपचं खातं साधारण 120 दिवस न वापरल्यास पुसलं जातं. घरच्या गप्पा हव्या असतील तर त्या आधी फोनमधून बाहेर काढून ठेवा.

एक इशारा. ‘मृत व्यक्तीचं खातं हमखास उघडून देतो’ असं सांगणारे लोक निधनवार्ता वाचून घरच्यांना गाठतात. वर सांगितलेल्या एकाही कंपनीच्या फॉर्मला पैसे लागत नाहीत. कुणी फी, ओटीपी किंवा तुमच्या स्वतःच्या खात्याचा पासवर्ड मागत असेल तर तिथेच थांबा.

मामांच्या फेसबुकची विनंती आम्ही सातव्या महिन्यात पाठवली, सगळं उरकल्यावर. त्यांनी कुणाला नेमलेलं नव्हतं, त्यामुळे फोटो तोच राहिला : पटावर वाकलेले, कॅमेऱ्याकडे न बघणारे मामा. मामी म्हणाल्या, बदलायचा असता तरी हाच ठेवला असता. मेल खातं बंद करण्याचा फॉर्म मात्र त्यांनी अजून पाठवलेला नाही. 2 वर्षांची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली आहे, तिच्या आधी त्या ठरवतील.